व्हर्च्युअलबॉक्समधलं हिरवं कासव आणि सहा-सात महिन्यांचा अनुभव

लॅपटॉपची एसएसडी गेली, सर्व्हिस सेंटरने नवी बसवून विंडोज ११ नव्याने टाकून दिलं आणि त्या दिवसापासून व्हर्च्युअलबॉक्स या विंडोजच्या आत दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं माझं उबंटू लिनक्स रडतखडत चालायला लागलं. मशीन तेच, रॅम तीच १६ जीबी. आधी चटकन उघडणारा टर्मिनल आता डोळ्यांसमोर हळूहळू रंगत होता. तक्रार केली तर काउंटरवरून उत्तर आलं, "सर, रॅम कमी पडतेय, अजून १६ जीबी टाकून घ्या." टास्क मॅनेजरमध्ये चार जीबी रॅम मोकळी दिसत असताना हा सल्ला! नीट तपासायच्या आधीच गिऱ्हाइकाला खर्चात पाडायच्या या सवयीचा मला मनापासून राग आहे.

खरं कारण व्हीएमच्या, म्हणजे त्या आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात होतं. तिथे एरवी निळ्या चिपचं चिन्ह असतं, आता हिरवं कासव होतं. व्हीएमची नोंदवही असलेली VBox.log फाइल उघडल्यावर ही ओळ सापडली:

```
HM: HMR3Init: Attempting fall back to NEM: VT-x is not available
```

व्हीटी-एक्स म्हणजे व्हीएम वेगाने चालवायला प्रोसेसरमध्येच असलेली सोय. बायॉसमध्ये ती चालू असूनही व्हर्च्युअलबॉक्सला मिळत नव्हती, कारण दुसऱ्या कोणीतरी ती आधीच ताब्यात घेतली होती. तो दुसरा म्हणजे हायपर-व्ही, विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा थर. चांगल्या हार्डवेअरवर विंडोज ११ नव्याने टाकलं की 'Memory integrity' ही सुरक्षेची सोय बहुधा आपोआप चालू होते, आणि तिला हायपर-व्हीचा हायपरवायझर लागतो. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ टाकलं तरी तेच होतं.

टाइप वन आणि टाइप टू या हायपरवायझरच्या दोन प्रकारांतला फरक इथेच उघडा पडतो. हायपर-व्ही टाइप वन आहे. तो थेट हार्डवेअरवर बसतो, आणि एकदा चालू झाला की तुमचं नेहमीचं विंडोजसुद्धा त्याच्याच वर चालतं. फक्त त्या विंडोजला वर चालणाऱ्या इतर व्हीएमपेक्षा जास्त अधिकार असतात. व्हर्च्युअलबॉक्स टाइप टू, म्हणजे पोटभाडेकरू: विंडोज जे देईल त्यावर त्याने भागवायचं. हायपर-व्ही जागा अडवून बसला की व्हर्च्युअलबॉक्सला विंडोजच्या एपीआयमधून वळसा घालून जावं लागतं. कासव दिसतं ते त्या वळशामुळे.

Memory integrity बंद केली, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये खालची ओळ दिली आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला:

```
bcdedit /set hypervisorlaunchtype off
```

निळी चिप परत आली, वेगही परत आला. मात्र घातक ड्रायव्हरपासूनचं एक संरक्षण गेलं आणि डब्ल्यूएसएल २ बंद पडलं. ते हवं असेल तर off च्या जागी auto लिहून पुन्हा रीस्टार्ट. तरीही तेव्हा माझं ठाम मत होतं की घरच्या माणसाला व्हर्च्युअलबॉक्स पुरेसं आहे, टाइप वनच्या नादी लागायची गरज नाही.

पुढे ते मत बदललं. घरच्या फाइलींचा बॅकअप घेणारी एक व्हीएम मी याच लॅपटॉपवर रात्रभर चालू ठेवायचो. एका रात्री विंडोजने अपडेटसाठी परस्पर रीस्टार्ट घेतला. सकाळी व्हीएमपुढे 'Aborted' आणि बॅकअप अर्धवट. टाइप टूमध्ये खालचं विंडोज गेलं की वरचं सगळं जातं, आणि वेगळी सोय करून ठेवली नसेल तर कोणी लॉगिन करून व्हीएम चालू करेपर्यंत ते तसंच पडून राहतं. व्हर्च्युअलबॉक्स कितीही चांगलं असलं तरी विंडोजच्या रीस्टार्टमधून सुटका नाही.

म्हणून माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढून त्यावर विंडोजऐवजी प्रॉक्समॉक्स टाकलं, ही खास व्हीएम चालवण्यासाठीची लिनक्सवर आधारित सिस्टिम. पैसे शून्य. आत लिनक्स कर्नलमधला केव्हीएम हा हायपरवायझर आहे. त्याला टाइप वन म्हणावं की टू यावर लोक वाद घालतात, पण माझ्या कामापुरता तो टाइप वनच आहे: मशीनवर दुसरं काही चालत नाही, आणि हायपरवायझर कर्नलचाच भाग आहे. व्हीएमच्या पर्यायांत 'Start at boot' वर टिक केली. आता वीज जाऊन आली तर बायॉसमधल्या सेटिंगमुळे मशीन आपसूक उठतं आणि मागोमाग व्हीएमही उठते. लॉगिनची वाट बघत नाही. सगळा कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून, पोर्ट ८००६ वर चालतो.

त्या डेस्कटॉपसमोर बसून मात्र काही करता येत नाही. स्क्रीनवर नुसतं काळं लॉगिन. शिकण्यासाठी, एखादं डिस्ट्रो तासभर बघून पुसून टाकण्यासाठी, फाइल ओढून व्हीएममध्ये टाकण्यासाठी मी आजही लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सच उघडतो. तिथे प्रॉक्समॉक्स बसवणं म्हणजे रोजच्या कामाचा लॅपटॉप हातचा घालवणं.

आणखी एक, प्रॉक्समॉक्सला नेटवर्कची केबल लागते. व्हीएम स्वतःच्या मॅक पत्त्याने ब्रिजवरून बाहेर पडतात, आणि वायफाय राउटर ओळख नसलेल्या पत्त्याची पाकिटं टाकून देतो. वळसे घालून जमवता येतं, पण मी सरळ माळ्यापर्यंत केबल ओढली.