पाच महिने, १,९९५ रुपये आणि एक टिकली: मुलाखतीच्या सरावाचं ॲप वापरल्यावर

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीशी मेलवर चाललेलं भांडण अजून मिटलेलं नाही. मॉक मुलाखत रेकॉर्ड करायची आणि मग ते वेग, फालतू शब्द, थांबे आणि नजर यांचे आकडे देतं, असलं हे ॲप आहे. जाहिराती सगळ्यांनीच पाहिल्या असतील. महिन्याला ३९९ रुपये. भाच्याची बँक पीओची मुलाखत होती म्हणून घेतलं. लेखी परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० टक्के वजन असतं, त्यामुळे ताई म्हणाली, "तू पतसंस्थेत आहेस, तूच घे त्याची तयारी." आकडे बघणं हाच माझा धंदा, म्हणून मीही हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी नजरेचा गुण आला १०० पैकी ३८. पोरगा चांगला माझ्याकडे बघून बोलत होता. म्हणजे, मी लॅपटॉपच्या पडद्यावर होतो आणि तो पडद्याकडे बघत होता. इथेच सगळी गोम आहे. माझा चेहरा पडद्याच्या मधोमध, कॅमेऱ्यापासून १० सेंटिमीटर खाली, आणि तो बसलेला ५० सेंटिमीटरवर. म्हणजे डोळे ११ अंश खाली झुकलेले. ॲपच्या हिशेबी तो माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होता. मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं, "पुरेशा उजेडात बसा." पुन्हा आकृती काढून पाठवली. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच, फक्त खालचं नाव बदललेलं.

शेवटी व्हिडिओची खिडकी लहान करून अगदी वर, कॅमेऱ्याला चिकटून सरकवली आणि खुर्ची ८० सेंटिमीटरवर नेली. गुण ३८ वरून ७४. पोरात काडीचाही फरक नाही! तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. पण ७४ दिसल्यावर १०० ची हाव सुटली. ताईची लाल टिकली कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवली आणि त्याला सांगितलं, "हिच्याकडेच बघायचं." गुण ९१. त्या महिन्यात मी हे ॲप चार जणांना सुचवलं, त्यांची इथे माफी मागतो.

कारण मग मी पतसंस्थेतल्या तीन सहकाऱ्यांना घरी बोलावून समोरासमोर मॉक घेतला. खऱ्या पॅनेलमध्ये चार-पाच जण असतात. तर हा पठ्ठ्या मधल्या माणसाकडे डोळे रोखून बसला. प्रश्न डावीकडून आला तरी उत्तर मधल्याला. ते सद्गृहस्थ नंतर मला म्हणाले, "मामा, याचं माझ्यावर काही कर्ज आहे का?" महिनाभर टिकलीकडे बघून तेच हाडीमाशी मुरलं होतं. आता आम्ही मधल्या खुर्चीच्या मागे मोबाईल उंचावर ठेवतो आणि नजर हातानेच मोजतो: ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे बघून सुरुवात, मधे इतरांकडे एकेक वाक्य, शेवट परत त्याच्याकडे. दोन मिनिटांच्या उत्तरात एखाद्याच्या वाट्याला एकही नजर आली नाही, तर ते उत्तर पुन्हा. विचार करताना क्षणभर छताकडे बघितलं तर चालतं, माणसं तसंच करतात. ॲपला ते चालत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की पैसे पाण्यात गेले. मलाही तसंच वाटत होतं, पण वेग आणि थांब्यांच्या भागाने मत बदलावं लागलं. तेही ॲपच्या चुकीमुळेच.

"बँकेत का यायचंय?" या प्रश्नाला त्याने इंग्रजीत १३० सेकंद उत्तर दिलं, २८६ शब्द. ॲप म्हणालं मिनिटाला १३२, हिरवा शेरा, 'वेग उत्तम'. आणि ऐकताना मला तर धाप लागत होती. मग थांबे बाजूला काढून बघितलं. ॲपने सगळे मिळून ९ थांबे दाखवले होते, ते मला पटेनात. आवाजाची फाईल उतरवून घेतली आणि ffmpeg नावाच्या फुकटातल्या प्रोग्रॅमने अर्ध्या सेकंदाहून लांब शांतता शोधून तपासली:

```
ffmpeg -i mock.wav -af silencedetect=noise=-30dB:d=0.5 -f null -
```

पुन्हा नऊच! मग लक्षात आलं, वर पंखा फिरतोय. त्याच्या घरघरीखाली शांतता शांतता राहतच नाही. पंखा बंद करून, घाम पुसत, तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर जवळपास तेवढंच, वेळ आणि शब्दसंख्याही तीच, पण थांबे २३, एकूण ३४ सेकंद. म्हणजे प्रत्यक्ष बोलणं ९६ सेकंदांत २८६ शब्द, मिनिटाला १७९. पोरगा धावतो, अडखळतो, पुन्हा धावतो, आणि सरासरी मात्र देखणी येते. आमच्याकडे काही खात्यांची सरासरी शिल्लक अशीच देखणी असते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे थांबे कुठे आहेत. प्रश्न संपल्यावर अडीच सेकंद विचार केला, तर ॲपने त्याला लाल खूण केली. तो थांबा मला हवाच आहे. खटकणारे थांबे एक सेकंदाच्या आतले होते, पण वाक्याच्या पोटात: 'फायनान्शियल' म्हणायचं, थांबायचं, मग 'इन्क्लुजन'. पाठ केलेलं उत्तर आठवताना असंच होतं. उपाय म्हणून उत्तराचं पाठांतर बंद केलं, कागदावर फक्त चार शब्द ठेवले आणि वाक्य संपल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही असं ठरलं. तीन आठवड्यांत थांबे तेवढेच राहिले, पण बरेचसे पूर्णविरामावर गेले आणि निव्वळ वेग १५० च्या आसपास आला.

फालतू शब्दांबद्दल थोडक्यात. त्या उत्तरात ॲपला ३ सापडले, तिन्ही 'बेसिकली'. मी कागदावर रेघा मारत ऐकलं तर २१. 'अंऽऽ' आणि 'म्हणजे' मजकुरात उतरतच नाहीत, यंत्र बोलणं लिहून घेताना ते गाळून टाकतं. मग मोजणार काय? तुम्ही घेणारच असाल तर आधी रेकॉर्डिंग आणि त्याखालचा मजकूर शेजारी ठेवून एक मिनिट ताडून बघा. त्या २१ पैकी १४ उत्तराच्या किंवा नव्या मुद्द्याच्या तोंडाशी होते. तिथे त्याला ओठ मिटून ठेवायला शिकवलं. बाकीच्यांना हात लावला नाही, एखादा 'म्हणजे' कोणाला खुपत नाही.

तर पाच महिन्यांत उपयोगी काय ठरलं? रेकॉर्डिंग, आणि त्यावर सेकंदावर बोट ठेवून मागे जाण्याची सोय. ती मोबाईलमध्ये फुकट आहे. सहाव्या महिन्याचे ३९९ आपोआप कापले जाण्याआधी बंद करायला गेलो, तर बटण सापडेना. खात्याच्या पानावर अगदी तळाशी, फिकट अक्षरात आहे. बंद केल्यावर ३० दिवसांनी रेकॉर्डिंग पुसली जातात असा निरोप आला, म्हणून सध्या रोज रात्री थोडी थोडी उतरवून घेतोय. ४१ पैकी १७ झाली. ताईने काल लॅपटॉपवरची टिकली बघून विचारलं, "ही इथे कशी?" भाचा म्हणाला, "मामाला विचार."