गिफ्ट व्हाउचरचं सॉफ्टवेअर : दिवाळी ते उन्हाळा वापरल्यानंतर

बिलिंग, स्टॉक, बारकोड याबद्दल इथे बरंच लिहून झालंय, ते पुन्हा सांगत नाही. मी लिहितेय ते फक्त गिफ्ट व्हाउचरबद्दल, कारण आमच्या रावपुऱ्यातल्या साड्यांच्या दुकानात त्यावरून भर गिऱ्हाइकांत मान खाली घालायची वेळ आली.

झालं असं. आमच्या नेहमीच्या एका काकूंनी जानेवारीअखेर भाचीच्या केळवणात द्यायला हजाराचं व्हाउचर नेलं. एप्रिलमध्ये ती भाची आली, १,४५० ची साडी पसंत केली, व्हाउचर पुढे केलं. स्क्रीनवर लाल अक्षरात ‘मुदत संपली’. ती म्हणाली, “ताई, शिक्का तुमचा आहे, तारीखही तुमच्याच पेनाने घातलीय. सहा महिने कुठे झाले?” खरंच होतं. कार्डावर लिहिलंय, विक्रीच्या तारखेपासून सहा महिने. म्हणजे जुलैअखेरपर्यंत.

खोड सापडली ती अशी. दिवाळीआधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी व्हाउचरचा एक गठ्ठा तयार करून कार्डं छापून घेतली होती. हे सॉफ्टवेअर मुदत मोजतं ती कोड तयार झाल्या दिवसापासून, विकल्याच्या दिवसापासून नाही. विक्रीची तारीख त्याच्याकडे नोंदलेली आहे, रिपोर्टात दिसतेही, पण मुदतीच्या हिशेबात ती धरतच नाही.

भाचीला साडी दिली, हजार वळते केले, वरचे ४५० घेतले आणि माझ्या रजिस्टरात नोंद केली. रजिस्टर मी पहिल्यापासून ठेवते : व्हाउचरचा नंबर, रक्कम, विकल्याची तारीख, घेणाऱ्याचा मोबाइल, वापरल्याची तारीख, बिल नंबर, शिल्लक. त्याच रात्री ताळा केला. महिन्याच्या सुरुवातीला गिऱ्हाइकांचे आपल्याकडे १८,००० बाकी होते, त्यात नवी विक्री २,५००, त्यातून वापरले गेले ४,२००. उरायला हवेत १६,३००. सॉफ्टवेअर दाखवत होतं १२,३००. भाचीचं व्हाउचर वहीत वजा झालेलं होतंच, तरी चार हजारांचा फरक. म्हणजे हजाराची आणखी चार व्हाउचरं गुपचूप रद्द झाली होती, आणि ती रक्कम रिपोर्टात ‘इतर उत्पन्न’ म्हणून जमा! मुदत संपेपर्यंत ते पैसे आपले नसतात, देणं असतं. चौघींनाही फोन करून सांगितलं, तुमचं व्हाउचर चालू आहे, निवांत या.

कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर काय, तर “मॅडम, व्हॅलिडिटी बॅचवर सेट होते.” तक्रार बंद. दुसऱ्यांदा फोन केला तर वरचं पॅकेज घ्या म्हणाले. वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यावर हे ऐकून घ्यायचं?

तेव्हा ठरवलं होतं, व्हाउचर यातून काढूनच टाकायची. पण मे महिन्यात लग्नाची गर्दी झाली आणि मत थोडं बदललं. अर्धवट वापरलेल्या व्हाउचरची शिल्लक हे फार चोख ठेवतं. हजारातले ६४० खर्च झाले तर बिलाच्या तळाशी ‘शिल्लक ३६०’ आपोआप छापून येतं, आणि कार्ड हरवलं तरी मोबाइल नंबरवरून सापडतं. वहीत हे शोधायला गर्दीत पानं उलटत बसावं लागतं. एवढ्यासाठी ठेवलंय.

मात्र एक सेटिंग बदलून घ्या. व्हाउचर बिलात ‘डिस्काउंट’ म्हणून लागत असेल तर ते ‘पेमेंट’मध्ये टाका. नाहीतर १,४५० च्या साडीवर जीएसटी ४५० वरच लागतो, ते चूक आहे. व्हाउचर विकताना जीएसटी नाही, ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलंय. पण साडी दिली की तिच्या पूर्ण किमतीवर कर.

शेजारच्या बांगड्यांच्या दुकानाने सुचवलं होतं, दोघांत चालेल असं एकच व्हाउचर काढू. मी नको म्हटलं. फक्त आपल्याच दुकानात, फक्त मालासाठी, रोख परत न देता चालणाऱ्या व्हाउचरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या दुकानात चालायला लागलं की ती सवलत गेली.

आता मी मोठा गठ्ठा करतच नाही. कार्डं नुसता नंबर घालून छापून घेते आणि गिऱ्हाइकाने पैसे दिले की त्याच वेळी तो नंबर टाकून एकच कोड तयार करते. काउंटरवर मिनिटभर जास्त जातं, पण दोन्ही तारखा एकच येतात. तुम्ही नवीन घेत असाल तर डेमोवाल्याला हेच करून दाखवायला सांगा : तीस दिवसांच्या मुदतीचा कोड आज तयार करा, चार दिवसांनी विक्री टाका आणि शेवटची तारीख बघा. ती विक्रीपासून तीस दिवसांची नसेल तर पैसे भरू नका.