पिन लग, फेरूल आणि नारिंगी वायर: डाळ मिलच्या पॅनेलमध्ये आठ महिने

लातूरच्या एका डाळ मिलमधलं मोटार कंट्रोल पॅनेल आठ महिन्यांपूर्वी नव्याने वायरिंग केलं. त्यात अख्खा उन्हाळा आणि चुणीची बारीक धूळ आली. आपल्याकडे फेरूल म्हणजे नंबर छापलेली नळी आणि वायरच्या टोकावरची तांब्याची टोपी म्हणजे पिन लग. इथेही शब्द तसेच वापरलेत.

कंट्रोलला १.५ चौरस मिमीची लाल वायर आणि ८ मिमी पिनचा काळा लग आहे. इन्सुलेशन १० मिमी सोलायचं, आधी फेरूल ओवायचं, मग लग दाबायचा. हा क्रम चुकला की लगच्या कॉलरवरून फेरूल चढत नाही आणि लग कापावा लागतो. पण हीच कॉलर पुढे उपयोगी पडते, कारण टर्मिनलमधून वायर सोडली तरी फेरूल गळून पडत नाही. दाबल्यावर लग हाताने ओढून बघाच. लगऐवजी तारांना डाग देऊ नका. स्क्रूच्या दाबाखाली शिसं हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो.

फेरूलवर नुसता वायर नंबर न छापता दोन्ही टोकांचे पत्ते छापले, आधी जवळचा, मग लांबचा. याचा फायदा एलिव्हेटरची मोटार अधूनमधून बंद पडायला लागली तेव्हा कळला. ओव्हरलोड रिले `F3` ट्रिप नव्हता. कॉन्टॅक्टर `K3` पडलेला असताना न्यूट्रलला धरून मीटर लावला, तर `F3:96` वर २३० व्होल्ट आणि `K3:A1` वर शून्य. रिलेच्या टोकाला `F3:96/K3:A1` असं स्पष्ट वाचता येत होतं, म्हणजे दोष याच एका वायरीत. डक्ट उघडावा लागला नाही, ड्रॉइंगही नाही. सप्लाय बंद करून `K3:A1` चा स्क्रू सोडला, तर वायर कमी सोललेली आणि स्क्रू इन्सुलेशनवर आवळलेला. नंतर बदललेली, लग न लावलेली तेवढी एकच वायर होती ती!

या पद्धतीला मर्यादाही आहे: वायर दुसऱ्या टर्मिनलवर हलवली की दोन्ही टोकांचे फेरूल बदलावे लागतात. एकच बदललं तर ते नंबर नसण्यापेक्षा वाईट. पेनाने लिहिलेले तात्पुरते नंबर उन्हाळ्यातच पुसट झाले, म्हणून छापीलच घ्या. ६ आणि ९ खाली रेघ हवी, नाहीतर नळी उलटी वाचली की आकडा बदलतो.

सगळ्यात मोलाची मात्र नारिंगी वायर. पॅकिंगच्या पॅनेलमधून येणारा इंटरलॉक इथला मेन स्विच पाडला तरी जिवंत राहतो. तेवढ्या दोनच वायरी नारिंगी आहेत, आणि त्यांच्या टर्मिनलवर पिवळ्या झाकणासह ‘बाहेरचा सप्लाय’ अशी पट्टी आहे. दार उघडताच नजर आधी तिथे जाते. तरी हात घालण्यापूर्वी मीटर लावायचाच, कारण मागाहून कुणी हाताशी असलेली लाल वायर ओढली असेल, तर रंग पाहून ते कळणार नाही.