पापडाच्या पाकिटावर कोणता क्यूआर छापायचा?

जळगावात घरून बिबडे-पापड विकणाऱ्या ताईंचे भाव इन्स्टाग्रामच्या जुन्या पोस्टांखाली दबतात आणि प्रत्येक गिऱ्हाईक तेच पुन्हा विचारतं. आता एका पानाचं डिजिटल कार्ड हवं. ते तयार कार्ड-सेवेवर करायचं की स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे आपल्या नावाने घेतलेल्या वेब-पत्त्यावर?

मेहनत पाहिली तर तयार सेवेत फोनवरूनच तासाभरात पान उभं राहतं. स्वतःचं पान म्हणजे एक HTML फाइल, क्लाउडफ्लेअर पेजेससारखं मोफत होस्टिंग आणि डोमेनची जोडणी. नवख्याचा एखादा दिवस जातो. खर्च डोमेनचाच, तोही दरवर्षी.

खरा फरक टिकण्यात आहे. दोन हजार पाकिटांवर छापलेला क्यूआर बदलता येत नाही. सेवा बंद पडली की तो कुठेच उघडत नाही. डोमेन आपलं असेल तर पान दुसरीकडे हलवलं तरी तोच क्यूआर चालतो. मात्र डोमेन डिझायनरच्या नव्हे, स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि नूतनीकरण चुकवू नका.

व्हॉट्सॲपची लिंक दोन्हीकडे सारखीच. क्रमांकाआधी 91 हवा. + किंवा 0 नको:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

फक्त उन्हाळ्यापुरत्या ऑर्डरी घेत असाल तर तयार कार्ड पुरे. पाकिटं छापून धुळे-नंदुरबारच्या दुकानांत माल ठेवणार असाल, तर छपाईआधी डोमेन घ्या.