नेमके दोन आवडणारे: सूत्र की वेन आकृती?

१०० जणांपैकी प्रत्येकाला चहा, कॉफी, सरबत यांपैकी काहीतरी आवडतं. चहा ५०, कॉफी ४५, सरबत ४०. जोड्यांचे सामाईक आकडे १५, १२, १०. नेमकी दोनच पेयं किती जणांना आवडतात?

वेळ बघितला तर सूत्र सरस. १३५ − ३७ + तिन्ही = १००, म्हणून तिन्ही २. तिन्ही आवडणारे प्रत्येक जोडीत मोजले गेलेत, म्हणून ते तीनदा वजा करायचे: ३७ − ६ = ३१. इथेच अनेकजण एकदाच वजा करून ३५ लिहितात.

आकृतीत ही चूक होणं कठीण: मध्ये २, मग पाकळ्यांत १३, १०, ८. शिवाय एखादा भाग ऋण आला तर दिलेले आकडेच चुकलेत हे कळतं. सूत्र ते लपवतं.

फक्त ‘नेमके दोन’ हवे असतील तर सूत्र. ‘फक्त चहा’सारखे उपप्रश्न असतील तर आकृतीच.