भाडेकरार मराठीत करायचाय: शब्दशः भाषांतर, साधं मराठी की दोन्ही भाषा शेजारी शेजारी?

पुण्या-मुंबईत घर भाड्याने देताना एजंटकडून जो मसुदा येतो तो बहुतेक वेळा इंग्रजीतच असतो, नावं आणि आकडे बदलून तोच लिव्ह अँड लायसन्सचा कागद वर्षानुवर्षं फिरत असतो. मग घरमालक काकू म्हणतात मला मराठीत वाचायचाय, किंवा भाडेकरू म्हणतो सही करतोय ते मला कळू दे, आणि कुणाला तरी सांगितलं जातं की याचं मराठी करून द्या. इथे तीन रस्ते आहेत. एक, कोर्टातल्या भाषेत शब्दाला शब्द. दोन, रोजच्या मराठीत अर्थ धरून. तीन, एकाच कागदावर डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. कुठला घ्यायचा हे भाषा किती छान वाटते यावर ठरवू नका. भाडेवाढ, डिपॉझिट आणि करार संपवणं, भांडणं बहुतेक या तीन कलमांवरूनच होतात, तेव्हा तिथे कुठला रस्ता टिकतो ते बघा.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न, करारावर सह्या झाल्यात का? झाल्या असतील, आणि भाषांतर कोर्टात किंवा बँकेत द्यायचं असेल, तर शब्दशःच करायला हवं. मूळ कागदात गोंधळ असेल तर तो गोंधळ मराठीतही तसाच दिसायला हवा. भाषांतर करणाऱ्याने आपल्या मनाने एक अर्थ निवडला तर तो एका पक्षाच्या बाजूने निकालच देतोय, तो अधिकार त्याचा नाही. फार तर खाली टीप टाकावी की या वाक्याचे दोन अर्थ निघतात. सह्या व्हायच्या असतील तर मात्र सगळं उलटं, गोंधळलेल्या इंग्रजीचं स्वच्छ मराठी करता येत नाही, आधी दोघांना विचारून मूळ वाक्यच नीट करून घ्यायचं. पुढचं सगळं या दुसऱ्या परिस्थितीसाठी आहे.

एक घर धरू. भाडं महिना 20,000, डिपॉझिट 60,000, मुदत 33 महिने, 1 जून 2025 ते 29 फेब्रुवारी 2028 (2028 लीप वर्ष आहे, 28 फेब्रुवारी लिहिलं तर एक दिवस गायब होतो, आणि हे होतं बरं का). मसुद्यात भाडेवाढीचं वाक्य असं की भाडं पर अ‍ॅनम 5 टक्क्यांनी वाढेल.

शब्दशः केलं तर येतं "भाड्यात प्रतिवर्षी 5 टक्के वाढ होईल". चुकीचं काहीच नाही, पण प्रतिवर्षी म्हणजे कधी? काकू म्हणणार नवीन वर्ष लागलं की जानेवारीपासून, कुणी म्हणेल आर्थिक वर्ष म्हणून एप्रिलपासून, भाडेकरू म्हणणार बारा महिने पूर्ण झाल्यावर 1 जून 2026 पासून, आणि एजंट म्हणणार आपल्याकडे सगळं 11 महिन्यांनी चालतं म्हणून 1 मे 2026. शिवाय दुसरी वाढ कशावर? मूळ 20,000 वर धरली तर 22,000 होतात, वाढलेल्या 21,000 वर धरली तर 22,050. महिन्याला 50 रुपयेच, पण 50 रुपयांवरून संबंध बिघडलेले लोक आहेत.

साध्या मराठीत लिहिणारा इथे थांबून विचारतो आणि मग लिहितो, "1 जून 2025 ते 30 एप्रिल 2026 दरमहा 20,000 रुपये, 1 मे 2026 ते 31 मार्च 2027 दरमहा 21,000 रुपये, 1 एप्रिल 2027 ते 29 फेब्रुवारी 2028 दरमहा 22,050 रुपये." टक्का हा शब्दच नाही, त्यामुळे त्यावर वाद घालायला जागा नाही. आणि हे आकडे असेही काढावेच लागतात, कारण स्टँप ड्युटी पूर्ण मुदतीच्या एकूण भाड्यावर बसते, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून मिळवतात आणि त्या बेरजेवर 0.25 टक्के. म्हणजे ड्युटी एका हिशोबाने भरली आणि कलमात दुसरा अर्थ निघतोय असं व्हायला नको.

दोन रकान्यांत इंग्रजी बाजूलाही याच तारखा टाकायच्या. इंग्रजीत पर अ‍ॅनम तसंच ठेवून फक्त मराठीत तारखा लिहिल्या तर एकाच कागदावर दोन वेगळे करार झाले, आणि हे फार वेळा बघायला मिळतं कारण इंग्रजी मसुद्याला हात लावायला कुणी तयार नसतं.

आता डिपॉझिट, इथे मराठी सगळ्यात जास्त घसरते. इंग्रजीत असतं की घर सोडताना डिपॉझिट परत, नुकसानीचे पैसे कापून, नॉर्मल वेअर अँड टेअर एक्सेप्टेड. अर्थ असा की रोजच्या वापराने जे झिजतं त्याचे पैसे कापायचे नाहीत. शब्दशः मराठीत मी हे वाक्य असं वाचलंय: "नेहमीची झीज वगळता अनामत रक्कम परत करण्यात येईल." आता नीट वाचा. झीज वगळून उरलेली रक्कम परत, म्हणजे झिजेचे पैसे कापणार! भाडेकरूला वाचवणारं वाक्य मराठीत त्याच्याच विरोधात गेलं, कारण "वगळता" कशाला लागतंय हे सुटलं. बरोबर करायचं तर वाक्य तोडावं लागतं: "भाडेकरूमुळे झालेल्या नुकसानीचा खर्च मालक डिपॉझिटमधून कापतील. रोजच्या वापराने रंग फिका होणं, नळाचा वॉशर जाणं, फरशीवर बारीक चरे पडणं याचे पैसे कापणार नाहीत." उदाहरणं टाकाच, झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं हे त्याशिवाय ठरत नाही. रंगकामाचं तर वेगळं वाक्य हवं, पैसे कापणार की नाही आणि कापणार असतील तर जास्तीत जास्त किती.

दुसरी गोष्ट वेळेची. "घर रिकामं केल्यावर परत" आणि "चावी देतानाच परत" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. "केल्यावर"मध्ये दुसरा दिवसही येतो आणि तिसरा महिनाही. मालकाची बाजूही खरी आहे, महावितरणचं शेवटचं बिल यायचं असतं, सोसायटीचे काही पैसे निघतात. म्हणून दोन टप्पे लिहिलेले बरे: चावी देतानाच 55,000, उरलेले 5,000 शेवटचं वीजबिल वजा करून 15 दिवसांच्या आत, बिलाची प्रत दाखवून. हे दोघांनी ठरवायचं असतं, भाषांतर करणाऱ्याने फक्त विचारायचं की किती आणि कधी. आणि "कापू शकतील" की "कापतील" हेही बघा, आधीच्यात मालकाची मर्जी येते.

करार संपवण्याच्या कलमात आयदर पार्टी एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकते असं असतं. याचं "दोन्ही पक्ष नोटीस देऊन करार संपवू शकतात" असं झालं की कुणीतरी म्हणणारच, दोघांनी मिळून संपवायचा. त्यापेक्षा "मालक किंवा भाडेकरू, दोघांपैकी कुणीही एकजण" असं सरळ लिहा, थोडं लांब होतं पण होऊ दे.

खरी गाठ लॉक-इनची, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही तिची. आपल्या घरात लॉक-इन सहा महिने, म्हणजे 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत. भाडेकरूची बदली झाली आणि त्याने 12 ऑक्टोबरला नोटीस दिली. "लॉक-इननंतर एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येईल" या वाक्याचे दोन अर्थ निघतात. घर लॉक-इननंतर सोडायचं, नोटीस आधी दिली तरी चालेल, म्हणजे 30 नोव्हेंबरला मोकळा. किंवा नोटीसच लॉक-इननंतर द्यायची, म्हणजे 1 डिसेंबरला नोटीस आणि डिसेंबरचंही भाडं. 20,000 चा फरक, एका "नंतर"वर. साध्या मराठीत असं: "30 नोव्हेंबर 2025 च्या आधी भाडेकरूला घर सोडता येणार नाही, सोडलं तर त्या तारखेपर्यंतचं भाडं द्यावं लागेल. नोटीस मात्र त्याआधीही देता येईल." किंवा याच्या उलट ठरलं असेल तर उलट. महिना म्हणजे 30 दिवस की कॅलेंडरचा महिना तेही लिहा, नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचं की पाठवल्याच्या तेही, आणि व्हॉट्सअ‍ॅप चालणार का ईमेलच हवा तेही.

साध्या मराठीची एक मर्यादा सांगायलाच हवी. सगळीकडे "भाडेकरू" लिहिलं की लायसन्स आणि भाडेपट्टा यातला फरक पुसला जातो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये तो फरक महत्त्वाचा आहे. कलम 24 प्रमाणे लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. म्हणून सुरुवातीलाच एकदा लिहायचं की हा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, यात "भाडेकरू" म्हणजे लायसन्सी आणि "भाडं" म्हणजे लायसन्स फी, मग पुढे बिनधास्त साधे शब्द वापरा. फक्त एकदा ठरवलेला शब्द मध्येच बदलू नका, डिपॉझिट दुसऱ्या पानावर अनामत आणि तिसऱ्यावर सुरक्षा ठेव झालं की वकील विचारणार, या तीन वेगळ्या रकमा आहेत का?

आता निवड. मालक आणि भाडेकरू दोघंही मराठी वाचत असतील तर इंग्रजी हवंय कशाला, साध्या मराठीतलाच करार रजिस्टर करा. इंग्रजी रजिस्टर करून मराठी प्रत साध्या कागदावर हातात देणं हा सगळ्यात वाईट मार्ग, काकू वाचतात एक आणि बांधल्या जातात दुसऱ्याला. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही जबाबदारी मालकाची आहे, आणि नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

एकाला मराठी वाचता येत नसेल, समजा भाडेकरू केरळचा आणि मालक सांगलीचे, तर दोन रकाने घ्या, काम दुप्पट आणि पानं वाढतात तरी. त्यात एक वाक्य पाहिजेच: दोन्ही मजकुरांत फरक आढळला तर अमुक भाषेतला मजकूर धरला जाईल. हे वाक्य नसेल तर दोन रकाने एका भाषेपेक्षा जास्त धोक्याचे, कारण प्रत्येकजण आपल्या सोयीचा रकाना दाखवणार.

सही करायच्या आधी मराठी मजकूर अशा माणसाला द्या ज्याने इंग्रजी पाहिलेलंच नाही, आणि त्याला तीन प्रश्न विचारा. 1 एप्रिल 2027 ला भाडं किती? चावी दिली त्या दिवशी हातात किती पैसे आले पाहिजेत? 12 ऑक्टोबरला नोटीस दिली तर शेवटचं भाडं कुठल्या तारखेपर्यंतचं? एकाही उत्तराला तो "बहुतेक" म्हणाला तर ते कलम परत लिहायला घ्या.