रविवारच्या बिलाला दर कुठला? डॉलर-रुपये तक्त्याच्या दोन पद्धती

वरुड-मोर्शीकडची शेतकरी कंपनी संत्रा बांगलादेशात पाठवते, तेव्हा बिल डॉलरमध्ये बनतं आणि वही रुपयांत चालते. डॉलरचा रोजचा संदर्भ दर एफबीआयएल ही संस्था जाहीर करते, पण तो सुट्टीच्या दिवशी येत नाही. माल मात्र रविवारीही निघतो. मग दर नसलेल्या दिवसाची ओळ एक्सेलच्या तक्त्यात आपण भरायची, की सूत्रालाच मागचा दर शोधू द्यायचा?

बिल 4 फेब्रुवारी 2024 चं, म्हणजे रविवारचं, 12,400 डॉलरचं आहे. समजा शुक्रवारी, 2 तारखेला, दर 83.10 होता आणि सोमवारी 82.90. शुक्रवारच्या दराने 10,30,440 रुपये होतात, सोमवारच्या दराने 10,27,960. फरक 2,480 रुपयांचा. म्हणून सुट्टीला मागचा दर लावायचा हा नियम आधी लेखी ठरवा, दोन्ही पद्धती त्यावरच उभ्या आहेत.

A2 मध्ये बिलाची तारीख, B2 मध्ये डॉलरची रक्कम आणि Rates शीटच्या A कॉलममध्ये तारखा, B मध्ये दर आहेत असं धरा. पहिल्या पद्धतीत शनिवार-रविवारच्या ओळींतही शुक्रवारचाच दर भरतात आणि तंतोतंत तारीख शोधतात:

```
=B2*VLOOKUP(A2,Rates!A:B,2,FALSE)
```

जुन्या एक्सेलवरही हे चालतं, आणि ओळ राहून गेली तर `#N/A` दिसून चूक लगेच कळते. अडचण दुरुस्तीत आहे. शुक्रवारचा दर चुकीचा भरला गेला असेल, तर तीन ओळी सुधाराव्या लागतात. शिवाय जाहीर झालेला दर कोणता आणि पुढे ओढलेला कोणता, हे ऑडिटरला सांगायला वेगळा कॉलम लागतो.

दुसऱ्या पद्धतीत तक्त्यात फक्त जाहीर दर राहतात:

```
=B2*XLOOKUP(A2,Rates!A:A,Rates!B:B,,-1)
```

शेवटचा `-1` सांगतो की तारीख सापडली नाही तर तिच्या लगेच आधीची घे. हे एक्सेल 2021 किंवा 365 मध्ये मिळतं. तक्ता स्वच्छ राहतो, पण धोका मोठा आहे: दर भरणं थांबलं तरी सूत्र गप्प राहून जुनाच दर देत राहतं. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल, तर 04/02/2024 हे 2 एप्रिल होतं आणि तक्ता फेब्रुवारीत संपत असला तरी शेवटच्या ओळीचा दर बिनतक्रार लागतो. पहिल्या पद्धतीत तिथे `#N/A` आलं असतं. (13 तारखेपासून पुढे अशी अदलाबदल होऊच शकत नाही, ती तारीख मजकूर म्हणून डावीकडे चिकटते.) म्हणून शेजारी दराचं वय मोजा:

```
=A2-XLOOKUP(A2,Rates!A:A,Rates!A:A,,-1)
```

उत्तर 4 च्या वर गेलं, तर लागून आलेल्या सुट्ट्या होत्या की दर भरायचा राहिला, ते पाहा.

वयाचा कॉलम ठेवणार असाल तर दुसरी पद्धत घ्या. तो ठेवायला कुणी नसेल, तर पहिलीच बरी. जीएसटीसाठी निर्यात मालाला लागणारे सीमाशुल्क विभागाचे डॉलर-रुपये दर मात्र वेगळ्या शीटवर ठेवा. ते लागू तारखेपासून पुढचे दर लागू होईपर्यंत चालतात, त्यामुळे तिथे दुसरीच पद्धत बसते आणि वयाची मर्यादाही जास्त ठेवावी लागते.